मारुबोझू: एका दिवसाचा कौल आणि पुढची वाट

मारुबोझू म्हणजे आलेखावरची अशी कँडल, जिच्या दोन्ही टोकांना विक नसते किंवा नसल्यासारखीच असते. दैनिक आलेखावरची प्रत्येक कँडल दिवसभरातले चार भाव सांगते: बाजार कुठे उघडला, वर कुठपर्यंत गेला, खाली कुठपर्यंत आला आणि कुठे बंद झाला. उघडल्याचा आणि बंद झाल्याचा भाव यांच्या मधला जाड भाग म्हणजे बॉडी. बॉडीच्या वरखाली ज्या बारीक रेषा निघतात त्या विक. हिरव्या मारुबोझूत बाजार दिवसाच्या तळाशी उघडतो आणि माथ्यावर बंद होतो. लाल मारुबोझूत नेमकं उलट घडतं. एकाच टोकाला विक नसेल तरी ती याच कुटुंबातली समजतात. उघडण्याच्या टोकाला विक नसेल तर ओपनिंग मारुबोझू, बंद होण्याच्या टोकाला नसेल तर क्लोजिंग मारुबोझू.

या कँडलचा अर्थ सांगताना पुस्तकं सहसा एका वाक्यात मोकळी होतात: दिवसभर एकाच बाजूचं राज्य होतं, म्हणून उद्याही तीच बाजू जोरात असेल. यातला पहिला अर्धा भाग बरोबर आहे, दुसरा अर्धा फक्त अंदाज आहे. दिवस माथ्यावर संपला की दुसऱ्या दिवशी तेजी पुढे चालते, की धाप लागून थांबते, हा प्रश्न कँडलचा आलेख वापरणाऱ्या प्रत्येकासमोर कधी ना कधी येतो. त्याचं उत्तर कँडलच्या आकारात जवळजवळ नसतं. ती कुठे उमटली आणि तिच्यानंतरच्या दोन-चार दिवसांत भाव कसा वागला, यात ते बरंचसं असतं.

ही आलेखपद्धत जपानची. ओसाकातल्या दोजिमा इथल्या तांदळाच्या बाजाराला १७३० मध्ये तिथल्या शोगुन सरकारची अधिकृत मान्यता मिळाली. साकाता गावचा तांदळाचा व्यापारी होम्मा मुनेहिसा याच बाजारात नावारूपाला आला. कँडलचा शोध त्यानेच लावला असं सर्रास लिहिलं जातं, पण आज ओळखीच्या असलेल्या स्वरूपातले आलेख त्याच्यानंतर बऱ्याच काळाने, मेइजी काळात रुळले असावेत असं जाणकार मानतात. जपानबाहेर ही पद्धत पसरली ती मुख्यतः स्टीव्ह निसन या अमेरिकी विश्लेषकाच्या १९९१ मधल्या पुस्तकामुळे. आज मोबाइलवरच्या कोणत्याही ट्रेडिंग ॲपमध्ये आलेख उघडला की बहुधा कँडलच दिसतात.

बंद भाव माथ्याच्या किती जवळ आहे हे नजरेच्या अंदाजाने ठरवायची गरज नाही. बंद भावातून दिवसाचा नीचांक वजा करायचा आणि उत्तराला दिवसाच्या एकूण पल्ल्याने, म्हणजे उच्चांक वजा नीचांक याने भागायचं. उत्तर एक आलं तर बाजार नेमका माथ्यावर बंद झाला, शून्य आलं तर तळाशी. ०.९ च्या वरचा आकडा बहुतेकांना ‘माथ्याजवळ’ म्हणायला पुरेसा वाटतो. ही रेघ सोयीसाठी ओढलेली आहे, तिच्यामागे कोणता नियम नाही. एका ॲपच्या स्कॅनरमध्ये जी कँडल मारुबोझू म्हणून येते ती दुसऱ्याच्या यादीत नसते, कारण विक किती चालवून घ्यायची हे प्रत्येक ॲप आपापलं ठरवतं.

भारतीय बाजारात यात आणखी एक मेख आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. इथे कॅश बाजारातला अधिकृत बंद भाव म्हणजे दिवसाचा शेवटचा सौदा, असं वर्षानुवर्षं नव्हतंच. दुपारी तीन ते साडेतीन या शेवटच्या अर्ध्या तासातल्या सगळ्या सौद्यांची, किती शेअर कोणत्या भावाला गेले हे धरून काढलेली भारित सरासरी बंद भाव म्हणून जाहीर होत आली. निफ्टीचा बंद आकडाही घटक कंपन्यांच्या अशाच भावांवरून निघत आला. समजा एखादा शेअर तीन वाजता ४९० रुपयांवर होता आणि चढत चढत साडेतीनला ५०० वर, दिवसाच्या उच्चांकावर थांबला. त्याचा शेवटचा सौदा ५०० चा झाला तरी अधिकृत बंद भाव ४९५ च्या आसपास लागू शकतो. म्हणजे वरची विक आपोआप तयार झाली. शेवटच्या अर्ध्या तासात शेअर घसरला तर याच सरासरीमुळे तो प्रत्यक्षापेक्षा जरा वर बंद झालेला दिसतो. या पद्धतीत उच्चांकावर तंतोतंत बंद झालेली कँडल मिळणं कठीण असतं. अपवाद फक्त अप्पर सर्किटला अडकलेल्या शेअरचा. काही ॲप संध्याकाळी अधिकृत आकडा आला की कँडल बदलतात, काही शेवटच्या सौद्याचाच भाव ठेवतात. त्यामुळे एकाच शेअरची एकाच दिवसाची कँडल दोन ठिकाणी थोडी वेगळी दिसली तर त्यात नवल नाही.

एक खरी कँडल जवळून पाहिली तर पुढचं बोलणं सोपं होईल. १२ मे २०२५, सोमवार. शनिवारी, १० मे रोजी भारत आणि पाकिस्तान यांच्यात शस्त्रसंधी जाहीर झाली होती. सोमवारी बाजार चालू असतानाच अमेरिका आणि चीन यांनी एकमेकांवरचं आयात शुल्क ९० दिवसांसाठी मोठ्या प्रमाणात उतरवल्याची बातमी जिनिव्हाहून आली. शुक्रवारी निफ्टी २४,००८ वर बंद झाला होता. सोमवारी तो २४,४२० वर उघडला, खाली २४,३७८.८५ पर्यंत टेकला, वर २४,९४४.८० पर्यंत गेला आणि २४,९२४.७० वर बंद झाला. उच्चांक आणि बंद यांच्यात फक्त २० अंकांचं अंतर. दिवसाचा पल्ला ५६६ अंकांचा आणि बंद भाव तळापासून ५४६ अंकांवर, म्हणजे वरच्या हिशेबाने ०.९६. बॉडीने पल्ल्याचा सुमारे ८९ टक्के भाग व्यापला होता. व्याख्या काटेकोर लावली तर ही मारुबोझू नाही, पण व्यवहारात कोणीही तिला मारुबोझूच म्हणेल.

या कँडलकडे नुसतं पाहिलं तर तेजीचा जवळजवळ अर्धा भाग नजरेतून निसटतो. निफ्टी त्या दिवशी ९१७ अंकांनी वाढला, पण त्यातले ४१२ अंक बाजार उघडतानाच्या गॅपमध्येच गेले होते. गॅप बॉडीत दिसत नाही, ती दोन कँडलच्या मधल्या रिकाम्या जागेत असते. म्हणून लांब कँडल खरोखर किती लांब हे मोजताना जे. वेल्स वाइल्डर याने १९७८ मध्ये मांडलेली ट्रू रेंज वापरणं चांगलं. तिच्यात गॅप धरली जाते. आदल्या दिवशीचा २४,००८ चा बंद आणि सोमवारचा २४,९४४.८० चा उच्चांक यांच्यातलं अंतर ९३७ अंकांचं होतं. मग हा आकडा गेल्या चौदा दिवसांच्या सरासरी ट्रू रेंजशी ताडून बघायचा. बाजार रोज ३०० अंक हलत असेल तर ३५० अंकांची मारुबोझू साधीच म्हणायची. रोजच्या दुप्पट-तिप्पट हालचाल झालेली कँडल मात्र काहीतरी वेगळं घडल्याची खूण आहे. चांगलं घडलं की वाईट, हे या मापाने कळत नाही.

पुढे काय झालं ते पाहू. मंगळवारी, १३ मे रोजी निफ्टी ३४६ अंकांनी पडून २४,५७८ वर बंद झाला, म्हणजे सोमवारच्या कमाईतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग एका दिवसात गेला. लांब हिरव्या कँडलच्या बॉडीचा मध्य हा आधार समजावा असं निसनच्या काळापासून शिकवलं जातं. सोमवारच्या बॉडीचा मध्य २४,६७२ ला होता. मंगळवारचा बंद त्याच्या खाली गेला आणि बुधवारचा बंदही २४,६६७ वर, म्हणजे किंचित खालीच राहिला. नियम पाळणाऱ्यासाठी ही धाप लागल्याची खूण होती. गुरुवारी सकाळी भाव आणखी खाली, २४,४९४ पर्यंत आला. मग तिथून उलटला आणि त्याच दिवशी २५,०६२ वर, सोमवारच्या उच्चांकाच्याही वर बंद झाला. पुढचे काही आठवडे निफ्टी वरखाली होत राहिला, पण मे-जूनमध्ये तो सोमवारच्या तळाच्या, २४,३७८ च्या खाली गेला नाही. २७ जूनला तो २५,६३८ वर बंद झाला.

म्हणजे त्या मारुबोझूने काय सांगितलं? दुसऱ्याच दिवशी उलटं फिरणार, असंही म्हणता येतं आणि तेजी पुढे चालणार, असंही. दोन्ही खरं ठरलं, फक्त वेगवेगळ्या मुदतीत. हा प्रश्न विचारताना मुदत सांगितली नाही तर उत्तर देणंच शक्य नाही, आणि कँडलवरच्या बऱ्याच वादांचं मूळ यातच आहे.

मुदतीप्रमाणे उत्तर का बदलतं, याची कारणं बाजाराच्या रचनेत आहेत. माथ्यावर बंद होणाऱ्या दिवशी खरेदी करणारे एकाच जातीचे नसतात. म्युच्युअल फंड किंवा परदेशी संस्था शेकडो कोटींची खरेदी एका दिवसात उरकत नाहीत. तसं केलं तर भाव त्यांच्याच हातून वर पळतो. ते ती खरेदी अनेक दिवसांत वाटून करतात. अशा खरेदीमुळे मोठ्या दिवसानंतरही आधार टिकतो आणि कल पुढे चालतो. त्याच दिवशी दुसरीकडे शॉर्ट केलेले लोक नुकसान थांबवायला धावत खरेदी करत असतात, त्यांचे स्टॉपलॉस एकामागून एक लागतात. शिवाय इंट्राडे शॉर्ट सौदे ब्रोकर साडेतीनच्या आधीच आपोआप बंद करतात, आणि शॉर्ट बंद करणं म्हणजे खरेदीच. ही सगळी खरेदी भावाला शेवटच्या तासात माथ्याकडे ढकलते, पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा होत नाही. शॉर्ट कापून बाहेर पडलेल्या माणसाला आणखी शेअर नको असतात. कँडलमध्ये मात्र दोन्ही प्रकारची खरेदी एकाच हिरव्या रंगात दिसते.

यात फरक करायला भारतीय बाजारात दोन आकडे हाताशी आहेत. पहिला फ्युचर्समधला ओपन इंटरेस्ट, म्हणजे बाजारात उघडे असलेले एकूण करार. भाव वाढला आणि ओपन इंटरेस्टही वाढला तर नवे खरेदीदार आले असं समजतात. भाव वाढला पण ओपन इंटरेस्ट घटला तर जुने शॉर्ट सुटले, नवं कोणी फारसं आलं नाही. दुसरा आकडा डिलिव्हरीची टक्केवारी. हा प्रत्येक शेअरसाठी एनएसई रोज संध्याकाळी जाहीर करते. उलाढाल प्रचंड आणि डिलिव्हरी नेहमीपेक्षा कमी, असं असेल तर दिवसाची बरीचशी धावपळ इंट्राडेवाल्यांची होती. हे दोन्ही आकडे दिशा सांगत नाहीत, पण दिवस कोणी ओढला याचा थोडा अंदाज देतात. त्यातही एक्स्पायरीच्या आठवड्यात ओपन इंटरेस्ट तसाही घटत असतो, म्हणून त्या दिवसांत या कसोटीवर फार विसंबू नये.

संशोधकांनी हा विषय तपासला, तेव्हा कँडलच्या भक्तांना आवडणारं उत्तर मिळालं नाही. बेन मार्शल, मार्टिन यंग आणि लॉरेन्स रोज यांनी अमेरिकेच्या डाऊ जोन्स निर्देशांकातल्या शेअरच्या १९९२ ते २००२ या काळातल्या भावांवर लांब मारुबोझूसह अनेक कँडल-नियम तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात या नियमांतून गुंतवणूकदाराच्या हाती काही ठोस लागत नाही, असं दिसलं. जपानी बाजारावरच्या पुढच्या अभ्यासातही निकाल तसाच आला, म्हणजे कँडलच्या मायदेशातही चित्र वेगळं नव्हतं.

यापेक्षा उपयोगी माहिती दुसऱ्या बाजूने येते. अमेरिकी शेअरच्या अभ्यासात एक गोष्ट पक्की दिसली: आठवड्याभराच्या किंवा महिन्याच्या मुदतीत जोरात वाढलेले शेअर सरासरीने थोडे मागे येतात, पण तीन ते बारा महिन्यांच्या मुदतीत वाढलेले शेअर वाढतच राहण्याकडे झुकतात. पहिली गोष्ट १९९० च्या सुमाराच्या निबंधांतून पुढे आली, दुसरी नरसिंहन जगदीश आणि शेरिडन टिटमन यांनी १९९३ मध्ये दाखवली. वेस्ली चॅन यांनी २००३ मध्ये यात आणखी एक मुद्दा घातला. मोठ्या हालचालीमागे जाहीर बातमी नसेल तर ती हालचाल नंतर उलटण्याची शक्यता जास्त असते, बातमी असेल तर भाव बातमीच्या दिशेने सरकत राहतो, आणि वाईट बातमीत हे अधिक ठळक दिसतं. हे निष्कर्ष शेकडो शेअरच्या सरासरीचे आहेत आणि महिन्यांच्या मोजणीवर निघालेले आहेत. उद्याच्या एका कँडलवर ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी मे २०२५ च्या निफ्टीचं वागणं या चौकटीत सहज बसतं: बातमी खरी, पहिल्या दिवसांत माघार, नंतर चढ.

बातमी किती नवी आणि किती मोठी, यावर कँडलचं पुढचं आयुष्य अवलंबून असतं. याचं उदाहरण गोव्यात घडलेलं आहे. २० सप्टेंबर २०१९ रोजी पणजीत जीएसटी परिषदेची बैठक होती. तिच्या आधी सकाळी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपन्यांवरचा प्राप्तिकर २२ टक्क्यांवर आणि नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्क्यांवर आणल्याची घोषणा केली. ही बातमी कोणाच्या हिशेबात नव्हती. निफ्टी १०,७४७ च्या आसपास उघडला होता. घोषणेनंतर तो ११,३८२ पर्यंत गेला आणि ११,२७४ वर बंद झाला. एका दिवसात ५.३ टक्क्यांची वाढ झाली. बंद भाव माथ्यापासून शंभराहून जास्त अंक खाली होता, पल्ल्यातलं स्थान ०.८४ च्या आसपास, म्हणजे दिसायला ही कँडल मेमधल्या कँडलपेक्षा कच्ची. पुढच्या सोमवारी निफ्टी आणखी ३२६ अंक चढला. मग उतरण लागली आणि ७ ऑक्टोबरला तो ११,१२६ वर बंद झाला. इथे बॉडीचा मध्य, सुमारे ११,०१०, टिकला. नोव्हेंबरअखेर निफ्टी १२,१५१ वर, तेव्हाच्या विक्रमी बंदवर पोहोचला. माथ्यावर बंद न झालेली कँडल दुसऱ्या दिवशी चालली आणि माथ्यावर बंद झालेली पडली. पल्ल्यातल्या स्थानाला दुसऱ्या दिवसाचं भाकीत समजू नये, याला इतका पुरावा पुरे.

दोन्ही कँडलमध्ये एक साम्य मात्र होतं, आणि ते आकारापेक्षा मोलाचं आहे. दोन्ही लांब चढाच्या शेवटी आल्या नव्हत्या. सप्टेंबर २०१९ मध्ये बाजार जूनमधल्या १२,०८८ वरून सहाएक महिन्यांच्या नीचांकाकडे घसरलेला होता. मे २०२५ मध्ये निफ्टीने एप्रिलच्या तळापासून एक चढ घेतला होता आणि मग दोन-तीन आठवडे साधारण २३,८५० ते २४,५९० या पट्ट्यात रेंगाळला होता. १२ मेची कँडल या पट्ट्याच्या वर बंद झाली. पुढच्या दिवसांत भाव जिथवर उतरला तीही याच पट्ट्याच्या माथ्याजवळची जागा होती. कोंडी फोडून बाहेर पडणारी लांब कँडल आणि महिनोन्महिने चढलेल्या बाजारात शेवटी येणारी लांब कँडल यांच्यात आकाराचा फरक नसतो, जागेचा असतो.

तरीही जागा पाहून सगळं कळतं असं मानणं चूक ठरेल. मार्च २०२० मधल्या दोन लाल कँडल याची साक्ष देतात. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्चला कोविडची महासाथ जाहीर केली. १२ मार्चला निफ्टी साधारण १०,०४० वर उघडला. तोच जवळपास दिवसाचा उच्चांक राहिला, आणि निर्देशांक ९,५९० वर बंद झाला. आदल्या दिवसापेक्षा ८ टक्क्यांहून जास्त खाली, पल्ल्याच्या तळापासून जेमतेम १५ टक्क्यांवर. २३ मार्चला तो ७,९४६ च्या सुमारास उघडला. सकाळीच १० टक्क्यांचं लोअर सर्किट लागून व्यवहार ४५ मिनिटं थांबले, आणि दिवसअखेर निफ्टी ७,६१० वर आला. एका दिवसात १३ टक्के गेले. बंद भाव तळापासून अवघ्या २७ अंकांवर होता.

दोन्ही कँडल लांब, दोन्ही लाल, दोन्ही तळाजवळ बंद. पहिलीनंतर १३ मार्चला बाजार सकाळी लोअर सर्किटला लागून सावरला, पण पुढच्या आठवड्यात घसरण चालूच राहिली. दुसरीनंतर तीन दिवसांत निफ्टी ८,६४१ वर पोहोचला, आणि त्या घसरणीचा तळ २४ मार्चच्या ७,५११ लाच लागला. दुसरी कँडल थकव्याची होती हे आज सहज म्हणता येतं: जानेवारीच्या विक्रमी बंदपासून निफ्टी ३८ टक्के पडला होता, विकायचं त्यांचं बरंचसं विकून झालं होतं. पण ११ दिवस आधीही बाजार खूप पडलेलाच होता. शिवाय अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने रोखे अमर्याद विकत घेण्याची घोषणा केली ती २३ मार्चलाच, पण भारतातला बाजार बंद झाल्यानंतर, संध्याकाळी. बाजाराला वळवणाऱ्या कारणांपैकी एक मोठं कारण ती कँडल पूर्ण झाली तेव्हा जगाला माहीतच नव्हतं. ते कोणत्याही कँडलमध्ये कसं उमटणार?

म्हणून अनुभवी लोक मारुबोझूच्या दिवशी भाकीत करत नाहीत, तिच्या पुढच्या दोन-तीन दिवसांकडे पाहतात. तेजी टिकणार असेल तर माघार सहसा उथळ असते, उलाढाल मोठ्या दिवसापेक्षा कमी असते आणि भाव कँडलच्या वरच्या अर्ध्या भागात घुटमळत राहतो. धाप लागली असेल तर दुसऱ्या दिवशी वर गॅपने उघडून भाव आदल्या दिवसाच्या बॉडीत खोल घुसतो, पडत्या दिवसांची उलाढाल चढत्या दिवसाइतकीच मोठी असते, आणि काही दिवसांतच कँडलचा तळ बंद भावाने तुटतो. मेचं उदाहरण या दोन्हींच्या मध्ये पडलं. मध्य तुटला, तळ टिकला. अशा वेळी तळ अधिक वजनदार मानावा, कारण तो तुटला की त्या दिवशी खरेदी केलेले जवळजवळ सगळेच तोट्यात असतात.

तळाला वजन द्यायचं ठरवलं तर पैशांचा प्रश्न येतो, आणि बहुतेकांचं गणित इथेच फसतं. १२ मे रोजी बंद भावाला निफ्टी घेतला आणि स्टॉपलॉस कँडलच्या तळाखाली ठेवला, तर अंतर ५४६ अंकांचं. तेव्हा निफ्टी फ्युचर्सचा लॉट ७५ चा होता, म्हणजे एका लॉटमागे साधारण ४१,००० रुपयांचा धोका. एवढा झेपत नाही म्हणून स्टॉपलॉस मध्यावर, २४,६७२ ला आणला तर धोका १९,००० च्या आत येतो. पण मंगळवारी तोच स्टॉपलॉस लागला असता आणि गुरुवारी निफ्टी नव्या उंचीवर गेला असता. दिशा बरोबर आणि तरी तोटा. लांब कँडल संपल्यावर तिच्या माथ्यावर खरेदी करण्यातली अडचण हीच: सगळ्यात सुंदर दिसणारा क्षण धोका सगळ्यात रुंद असल्याचाही क्षण असतो. माघारीची वाट पाहणाऱ्याला धोका कमी ठेवता येतो, पण काही वेळा माघार येतच नाही आणि सौदा हुकतो. दोन्ही सोयी एकत्र मिळत नाहीत.

कमी भावाच्या, कमी उलाढालीच्या शेअरमधल्या मारुबोझूचा विचार वेगळाच करावा लागतो. अशा शेअरना ५, १० किंवा २० टक्क्यांचं सर्किट असतं. शेअर सकाळी उघडून अप्पर सर्किटला जाऊन अडकला की कँडल आपोआप माथ्यावर बंद होते, आणि असे आठ-दहा दिवस ओळीने आले की आलेख फार देखणा दिसतो. पण तिथे बंद भाव माथ्यावर असण्याचं कारण विकणारा कोणी नाही हे असतं, आणि थोड्या पैशांत तशी स्थिती मुद्दाम तयार करता येते. उतरणीला लागल्यावर तोच शेअर रोज लोअर सर्किटला अडकतो, आणि घेणारा कोणी नसल्याने विकताच येत नाही. तिथे स्टॉपलॉस लावलेला असला तरी तो पूर्ण होत नाही. निर्देशांकाच्या किंवा मोठ्या कंपन्यांच्या मारुबोझूबद्दल वर जे सांगितलं ते अशा शेअरना लागू पडत नाही, आणि सामान्य माणसाने त्यांच्या आलेखावरून काही वाचायचा प्रयत्न न केलेला बरा.

मारुबोझू ज्या दिवशी उमटते त्या दिवसाचा हिशेब ती प्रामाणिकपणे देते: कोण जिंकलं, किती फरकाने, शेवटपर्यंत जोर होता की नाही. पुढची दिशा ठरवताना ती मोठ्या चढाच्या टोकाला आली की कोंडी फोडून, तिच्यामागे बातमी होती की नुसतं शॉर्ट कव्हरिंग, आणि तिचा तळ पुढच्या आठवड्यात टिकला की तुटला, हे तीन प्रश्न विचारावेत. तिन्हींचं उत्तर बाजूने येत नसेल तर नुसता माथ्यावरचा बंद पाहून सौदा करू नये.